कोपऱ्यातला नकाशा आणि दादाचं तोंड

माझ्या दादाचे डोळे फार चांगले आहेत आणि तीच त्याची अडचण आहे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तेव्हा हे मी अधिकारानं सांगते. तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ तो दुकानाच्या दारात उभा राहून घडाघडा वाचतो. पण घरी फ्रिज उघडला, की समोरच्याच कप्प्यात ठेवलेली लोण्याची डबी त्याला काही केल्या दिसत नाही. "संपलंय वाटतं," असं म्हणून तो दार लावतो. मग वहिनी उठते, दार उघडते, डबी काढून त्याच्या हातात देते आणि काही बोलत नाही. तिच्या त्या न बोलण्याला आम्ही सगळेच घाबरतो.

खेळातही त्याचं हेच. आम्ही पाच जण मिळून एक स्पर्धेचा खेळ खेळतो. पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाच्या हातात एक बंदूक. एका बाजूनं टिकटिक करणारी पेटी ठरलेल्या जागी नेऊन लावायची, दुसऱ्या बाजूनं वेळ संपायच्या आत ती बंद पाडायची. मेलं की त्या राउंडपुरतं बसून राहायचं आणि जिवंत असलेल्या आपल्या माणसाच्या स्क्रीनमधून पुढचं बघायचं. स्क्रीनच्या मधोमध नेम धरायचा बारीक ठिपका असतो. दादाची सगळी दुनिया त्या ठिपक्यात. ठिपक्यासमोर कोणी आलं की गेलंच म्हणून समजा. पण ठिपक्याच्या बाजूनं, वरून किंवा मागून कोणी आलं, तर दादा जातो आणि वर विचारतो, "हा कुठून आला?"

"नकाशावर होता," वहिनी म्हणते.

डाव्या कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढा नकाशा असतो. त्याला मिनिमॅप म्हणतात. आपली पाच माणसं त्यावर बाणासारखी दिसतात आणि प्रत्येक बाणापुढे एक फिकट पंखा असतो, म्हणजे तो माणूस कुठवर बघतोय ते कळतं. आपल्यापैकी एकाला जरी शत्रू दिसला, तरी तो सगळ्यांच्या नकाशावर लाल उमटतो. नजरेआड झाला की लाल ठिपका जातो आणि तिथे थोडा वेळ प्रश्नचिन्ह राहतं. वहिनीचं म्हणणं असं, की लाल ठिपके तर कोणीही वाचेल. खरं वाचायचं ते रिकामं. ज्या गल्लीवर आपल्या कोणाचाच पंखा पडत नाही, शत्रू तिथे असणार.

वहिनी आमची कॅप्टन. औषधांच्या दुकानात काम करते आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याच्या खोकल्यावरून बाटली काढते. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या खोल विहिरीत खालच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा तसाच राहिलाय. आमच्या टीममधले उरलेले दोघे म्हणजे दातांचे डॉक्टर आणि गणिताचे मास्तर. डॉक्टर दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणतात, त्यामुळे संध्याकाळी त्यांना कोणी तोंड मिटून बसलं तर फार बरं वाटतं. टायरच्या दुकानावर एक गेमिंग सेंटर आहे, तिथे काम उरकून आम्ही जमतो. खाली हवा भरायचा पंप फुसफुसत असतो आणि वर आम्ही एकमेकांवर.

ही टीम दादानं उभी केली. वहिनी त्याला तिथेच भेटली. समोरच्या टीममध्ये होती आणि तिनं त्याला मागून मारलं होतं. "हा कुठून आला?" असं तो ओरडला, तर पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला, "आला नाही, आली." पुढं लग्न झालं. टीमची कॅप्टनशिपही दादानं स्वतःहून तिच्याकडे दिली आणि तो फक्त खेळाडू राहिला. कामावर त्याला कोणी साहेब म्हणत नाही की वाकून नमस्कार करत नाही. पण त्या पाचातल्या एका खुर्चीत बसला की त्याचा चेहराच वेगळा असतो. ती खुर्ची त्याला जिवापेक्षा प्यारी आहे आणि हे त्यानं कधी लपवलेलं नाही.

तीच खुर्ची जायची वेळ आली.

मागच्या स्पर्धेत शेवटच्या राउंडला आम्ही चौघं मेलेलो, वहिनी एकटी उरलेली आणि समोरही एकच जण. वहिनी पेटीजवळ दबा धरून बसलेली. एकटं उरलेल्या माणसाचं सगळं कानावर असतं. या खेळात पळालं की पावलं वाजतात, पत्र्यावर वेगळी, लाकडी जिन्यावर वेगळी. गोळ्या भरल्या की खटका ऐकू येतो. वहिनी जीव कानात आणून बसली होती आणि तेवढ्यात दादा हेडफोनमध्ये गरजला, "मागे! मागे! अगं मागे बघ ना!" वहिनी वळली. मागं कोणी नव्हतं. समोरून आला आणि तिला टिपून गेला.

दादानं नकाशावर मागच्या गल्लीत प्रश्नचिन्ह पाहिलं होतं. त्याच्या दृष्टीनं प्रश्नचिन्ह म्हणजे माणूस.

"प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे होता'," वहिनी त्या दिवशी घरी जाताना शांतपणे म्हणाली. "'इथे आहे' नाही. तू मला शिळी बातमी ओरडून सांगितलीस आणि तुझ्या ओरडण्याखाली त्याची ताजी पावलं मला ऐकू आली नाहीत."

"पण मी नकाशा बघितला की नाही?" दादा म्हणाला. "एरवी बघत नाही म्हणून बोलता."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे नियम. एकच माणूस उरला की मेलेल्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. दुसरी म्हणजे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की हा नियम दादानं पुन्हा मोडला तर पुढच्या सामन्याला त्याच्या जागी राखीव खेळाडू बसेल. राखीव खेळाडू म्हणजे वहिनीचा मावसभाऊ. त्याला आम्ही चिमणा म्हणतो, कारण तो एवढासा आहे, चिवचिवत मात्र नाही. हुशार, शांत आणि नकाशावर डोळा ठेवून असलेला. दादाला तो डोळ्यांसमोर नको असतो. दादा त्या रात्री जेवताना एकदाच बोलला, "चिमण्याचा नेम माझ्यापेक्षा वाईट आहे." वहिनी म्हणाली, "हो. पण त्याला लोणी सापडतं."

मग वहिनीनं दादाची शिकवणी सुरू केली. ती शिकवणी बघायला मी पैसेसुद्धा मोजले असते. एका जुन्या बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं असा कापला, की तो स्क्रीनवर लावला की मधला सगळा भाग झाकला जाईल आणि फक्त कडा दिसतील: कोपऱ्यातला नकाशा, वर मधोमध घड्याळ आणि दोन्हीकडच्या खेळाडूंचे चेहरे, उजवीकडे कोणी कोणाला कशानं मारलं ती पट्टी आणि खाली आपला जीव आणि गोळ्या. आपलेच जुने सामने लावून ती दादाला पुठ्ठ्यामागं बसवायची आणि विचारायची, "सांग, काय चाललंय?"

"मला काही दिसतच नाही!"

"सगळं दिसतंय. मारामारी सोडून."

पहिले काही दिवस दादा पुठ्ठ्याच्या फटीतून मधलं बघायला मान वाकडी करायचा. वहिनीनं कडेला चिकटपट्टी लावली. मग नाइलाजानं त्याचे डोळे कोपऱ्यात जाऊ लागले. एकदा तो म्हणाला, "डॉक्टर मेले. लांबच्या बंदुकीनं मेले. म्हणजे तो बंदूकवाला लांब सरळ रस्त्यावर असणार... म्हणजे टाकीच्या बाजूला. आणि आपले सगळे पंखे गोदामाकडे आहेत. अगं, टाकीकडे कोणीच बघत नाहीये!" वहिनीनं पुठ्ठा काढला. टाकीकडून तिघं आत शिरत होते. दादानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू त्यानं पलीकडच्या खोलीतून भिंतीआरपार पाहिलं होतं. मी टाळ्या वाजवल्या, अर्थात थोड्या जास्तच.

आणखी एक सवय तिनं लावली. गोळ्या भरताना हाताला काम नसतं आणि डोळ्यांनाही. तेव्हा प्रत्येक वेळी गोळ्या भरल्या की नजर नकाशावर टाकायची. दादाला ही सवय एवढी लागली, की परवा तो स्वयंपाकघरात पाण्याची बाटली भरत होता आणि नळ चालू करताच त्याची मान आपोआप डाव्या कोपऱ्याकडे वळली. तिथे लोण्याची डबी होती. "अरे!" तो म्हणाला.

दादाकडे खेळात एक खास वस्तू असायची, सेन्सर. तो एखाद्या गल्लीत चिकटवून ठेवायचा. नकाशावर त्याचा निळा बिंदू दिसतो. समोरून कोणी गेलं तर बिंदू लाल होतो, कोणी गोळी घालून फोडला तर बिंदू विझतो. दोन्ही वेळी आवाज अजिबात होत नाही, आणि ज्यानं लावला तो मेला तरी सेन्सर जागचा हलत नाही. पूर्वी दादा तो कुठंही फेकून मारामारीला धावायचा. आता तो आमच्या पाठीमागच्या गल्लीत नीट बघून लावायला लागला. सुधारणा डोळ्यांत भरत होती. फक्त तोंडाचं काय होणार, हाच प्रश्न होता.

मोठी स्पर्धा एका क्रीडा सभागृहात होती. दोन्हीकडे पाच-पाच टेबलं, मध्ये मोठा पडदा, समोर खुर्च्यांवर बसलेले लोक. कानात छोटे इअरफोन घालून त्यावरून असे जाड हेडफोन देतात, की त्यात सतत एक घरघर चालू असते आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही, शेजारी बसलेल्याचंही नाही. जे काही बोलायचं ते माईकमधूनच. आम्ही असे बसलो होतो: कडेला वहिनी, मग मी, मग दादा, मग डॉक्टर आणि मास्तर. मागं राखीव खुर्चीत चिमणा बसला होता आणि बोटं मोडून मोकळी करत होता. दादानं एकदा मागं वळून त्याच्या बोटांकडे बघितलं.

तीन डाव, त्यातले दोन जिंकायचे, आणि एकेका डावात बरेच राउंड. पहिला डाव आम्ही जिंकला. दुसऱ्यात बरोबरी करत करत शेवटच्या राउंडला आलो. पेटी आम्ही लावली, मग एकेक करून पडत गेलो आणि वहिनी एकटी उरली. समोर एक जण होता. मी मेले होते, दादा मेला होता. आणि हेडफोनमध्ये अशी शांतता पसरली, की मला वाटलं माझे हेडफोनच बिघडले. दादाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मनात म्हटलं, सुधारला गं बाई माझा दादा! त्याची खुर्ची मात्र जोरजोरात हलत होती. तो पाय हलवत असेल असं समजून मी टेबलाखाली पाण्याची बाटली शोधत बसले.

वहिनी गोदामात खोक्यांमागं बसून दाराकडे नेम धरून होती. पाठीमागे पत्र्याची गल्ली होती आणि त्या गल्लीत दादाचा सेन्सर होता. ती निर्धास्त होती. पेटीची टिकटिक चालू होती. आणि तेवढ्यात ती मागून मारली गेली. पावलाचा आवाज नाही, कशाचा नाही. समोरच्यानं निवांत पेटी बंद केली.

"मागून?" वहिनी म्हणाली. "सेन्सर होता ना?"

दादानं हेडफोन काढले. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी सांगितलं होतं!" तो म्हणाला. "बिंदू विझला, विझला, असं किती वेळा ओरडलो!"

"तू एक अक्षर बोलला नाहीस."

"मी..." दादा थांबला. मग त्यानं हळूच माईकच्या बटणाकडे बघितलं.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर त्या राउंडची झलक पुन्हा दाखवत होते. अर्ध्या पडद्यावर वहिनीची स्क्रीन, अर्ध्यावर आम्हा पाचांचे चेहरे. आम्ही सगळे तोंड वर करून बघत राहिलो. आमच्यातला शेवटचा खेळाडू पडून वहिनी एकटी उरली, त्याच क्षणी दादानं हात पुढे करून स्वतःचा माईक बंद केला. नियम मोडायची भीती होती ना! मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. थोड्या वेळानं नकाशावरचा निळा बिंदू विझला. लांबून, आवाज न करणाऱ्या बंदुकीनं सेन्सर फोडला होता. शत्रू तिथून पळाला नाही, हळू चालत आला, आणि हळू चाललं की पत्रासुद्धा बोलत नाही. वहिनीचा ठिपका दारावर खिळलेला. आणि शेजारच्या चौकटीत दादा तोंड फाडून ओरडत होता. ओठांवरून सरळ वाचता येत होतं, "विझला! मागे! आत्ता!" त्या दोघांच्या मधल्या चौकटीत मी टेबलाखाली वाकलेली होते, म्हणजे माझं नुसतं डोकं दिसत होतं.

आमच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली आणि ती मास्तरांनी बोट दाखवून सांगितली. वहिनीच्या स्क्रीनवर, वर घड्याळाशेजारी दादाचा जो चेहरा होता, त्याच्या खाली काट मारलेला छोटासा माईक पूर्ण वेळ दिसत होता. म्हणजे दादाचं तोंड बंद आहे, हे तिला तिच्याच स्क्रीनवर लिहून दिलं होतं.

"कॅप्टन," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, कडा वाचा."

वहिनीचे कान लाल झाले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, म्हणून नीट बघून घेतलं.

मधल्या सुटीत खेळाडू बदलता येतो. चिमणा उभा राहिला होता, त्याचा माऊस त्यानं हातात घेतलाच होता. दादा खुर्चीत तसाच बसून होता. "नियम मी मोडला," तो म्हणाला. "ऐकू गेलं नाही म्हणून काय, ओरडलो तर होतोच. कबूल केलं होतं, गप्प बसेन." मग आपला माऊस काढायला त्यानं वायर हातात धरली. दादा विनोद करत नव्हता. त्याचा आवाज मुळी मोठा नव्हताच. वायर सोडवून तो ती बोटांभोवती नीट गुंडाळायला लागला.

"बस," वहिनी म्हणाली.

"अगं, पण नियम..."

"नियम चुकीचा होता." वहिनीनं चिमण्याला मानेनं खुणावलं आणि तो बिचारा माऊस ठेवून बसला. खरंच गुणी मुलगा. "एकटी उरले की माझे डोळे नेमावर असतात आणि कान पावलांवर. कोपऱ्यात बघायला तिसरा डोळा नाही मला. तू मेल्यावर तुझे डोळे रिकामेच असतात. माझ्या स्क्रीनवरचा नकाशा तू बघ."

"आणि बोलू?"

"काही बदललं तर बोल. बिंदू लाल झाला, विझला, नवा ठिपका आला, तर एक शब्द. शिळं नको. अंदाज नको. आणि काहीच बदललं नाही, तर..."

"तर गप्प," दादा म्हणाला.

"तर गप्प. म्हणजे तू गप्प आहेस, तोवर माझी पाठ सुरक्षित आहे, असं मी धरणार. माईक चालू ठेवून गप्प बस. जमेल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. माईक बंद करून गप्प बसणं वेगळं आणि माईक चालू असताना गप्प बसणं वेगळं. दुसरं दादाला जमल्याचं मी जन्मापासून पाहिलेलं नव्हतं. लहानपणी लपंडावात तो लपायचा आणि "मी इथे नाही" असं ओरडायचा.

तिसरा डाव मी सगळा सांगत बसत नाही. दादा त्यात सुरेख खेळला, ठिपक्यापुढे आलेला एकही त्यानं सोडला नाही, आणि पूर्वी मागून मार खायचा तशा दोन ठिकाणी तो आधीच वळून उभा होता. तरीही समोरचे काही कमी नव्हते. पुन्हा बरोबरी आणि पुन्हा शेवटचा राउंड. पुन्हा तेच गोदाम. पेटी लावली. दादानं पत्र्याच्या गल्लीच्या तोंडाशी सेन्सर चिकटवला, मग तो मेला. त्याच्या मागोमाग मी, डॉक्टर, मास्तर. वर चेहऱ्यांच्या रांगेत आमच्या बाजूला एकच चेहरा उजळ राहिला. समोर दोन.

या वेळी मी बाटली शोधली नाही.

वहिनी खोक्यांमागं बसली. समोर लाकडी जिना आणि दार, पाठीमागे पत्र्याची गल्ली. पेटीपर्यंत यायला हे दोनच रस्ते. पहिला जण घाईत होता. जिन्यावर त्याची पावलं धडधड वाजली आणि लाकूड वाजतंय म्हणजे समोरून येतोय, एवढं तर मलाही कळलं. वहिनीनं तो दारात येईपर्यंत थांबून त्याला पाडलं. उजवीकडच्या पट्टीवर त्याचं नाव आलं आणि गेलं. आता एक उरला.

खाली आकडा सात दाखवत होता. बंदुकीत सातच गोळ्या. भरायच्या तर खटका वाजणार आणि आपण कुठं आहोत हे आपणच सांगणार. वहिनीनं भरल्या नाहीत. शेवटचा माणूस टाकीपाशी दिसला होता, तिथलं प्रश्नचिन्ह फिकट होत होत मिटलं. आता तो कुठंही असू शकत होता. टाकीपासून दोन्ही रस्ते सारख्याच अंतरावर. पेटीची टिकटिक जलद व्हायला लागली, म्हणजे त्यालाही थांबून चालणार नव्हतं. पण पाऊल वाजत नव्हतं. तो हळू चालत होता. जिन्यावर शांतता होती आणि पत्र्यावरही शांतता होती. शिवाय मागच्या डावात तो पत्र्यावरूनच आला होता.

मी मान वळवून दादाकडे बघितलं. दोन्ही हात मांड्यांखाली. माईकवर हिरवा दिवा. ओठ असे मिटलेले, की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर धन्य झाले असते. डोळे स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात रुतलेले, मधोमध काय चाललंय ते तो बघतच नव्हता. आपली बायको, आपली टीम, आपली खुर्ची, सगळं त्या मध्यावर टांगलेलं आणि हा माणूस एका निळ्या बिंदूवरून नजर काढत नव्हता. मला भडभडून आलं. हे मी त्याला कधी सांगणार नाही, तो फार फुशारकी मारेल.

वहिनीच्या स्क्रीनवर ठिपका हलला. जरासा उजवीकडे, पाठीकडे वळायला निघाल्यासारखा. माझ्या हेडफोनमध्ये घरघरीशिवाय काही नव्हतं. टिकटिक आता एकमेकींना लागून येत होती.

दादा गप्प.

ठिपका थांबला. मग परत आला आणि दाराच्या कडेवर जाऊन घट्ट बसला.

दादा गप्पच होता. दाराच्या कडेला आधी खांदा दिसला, मग बंदूक, मग माणूस. वहिनीच्या सातांतल्या तीन गोळ्या गेल्या. पट्टीवर दुसरं नाव आलं.

हेडफोन काढले तेव्हा सभागृहाचा आवाज एकदम अंगावर आला. डॉक्टर मास्तरांच्या गळ्यात पडले होते. चिमणा खुर्चीवर उभा राहून नाचत होता आणि या वेळी चक्क चिवचिवत होता. दादा मात्र तसाच बसलेला, हात अजून मांड्यांखाली, डोळे अजून कोपऱ्यात.

"मध्येच वळणार होतीस ना तू?" मी वहिनीला विचारलं.

"पाठीवर मुंग्या येत होत्या," ती म्हणाली. "वाटत होतं, मागेच आहे. शंभर टक्के मागेच आहे."

"मग वळली का नाहीस?"

वहिनी माझ्या पाठीमागून वाकली आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा बोलला नाही," ती म्हणाली. "म्हणून नाही वळले."

दादानं वर बघितलं. वहिनीनं त्याच्या तोंडापुढचा माईक बोटानं बाजूला केला. "झालं की आता," ती म्हणाली. "बोल, काय बोलायचंय ते."

दादानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग टीशर्टची बाही डोळ्यांवर घेतली आणि तो तसाच बसून राहिला.